हात कणकेत असताना कोणाचा फोन ते फोननंच सांगावं, पण बँकेचा मेसेज चारचौघांत वाचू नये, त्यासाठी काय करावं?

प्रश्न : माझं साताऱ्यात पोळी-भाजीचं छोटं केंद्र आहे. सकाळी सहा ते अकरा हात कणकेत असतात. मुलानं फोनमध्ये एक ॲप टाकून दिलंय, फोन आला की नाव बोलून सांगतं, मेसेजपण वाचतं. नावाचा लय उपयोग होतो, पण गेल्या आठवड्यात काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना बँकेचा मेसेज शिल्लकेसकट मोठ्यानं वाचला. सगळं बंद करून टाकू का, की फक्त नाव सांगेल असं काही करता येतं? फोन अँड्रॉइड आहे, साधाच.

उत्तर :

ताई, बंद करू नका, पण मुलानं टाकलेलं ते ॲप काढा. नाव सांगायचं काम तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे, त्याला वेगळं ॲप लागत नाही. माझं राधिका रोडला मोबाईलचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली, आणि हे सेटिंग मी सलूनवाल्यांना, टेलरना, रिक्षावाल्यांना, एका पेढेवाल्यांना लावून दिलंय, त्यामुळं कुठं कुठं गंडतं ते बऱ्यापैकी बघून झालंय.

पहिली गोष्ट ही की तुमच्या फोनमध्ये दोन वेगळी कामं चाललीत आणि ती एकाच ॲपनं केल्यामुळं तुम्हाला एकच वाटतायत. कॉल आल्यावर नाव सांगणं हे एक काम. त्यासाठी फोनला फक्त नंबर कळायला लागतो आणि तो नंबर तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये कोणत्या नावानं आहे ते बघायला लागतं, बास. नोटिफिकेशन वाचणं हे दुसरं काम, आणि त्यासाठी ॲपला जी परवानगी लागते तिचं नाव `Notification access`. ही परवानगी एकदा दिली की वरच्या पट्टीत जे जे येतं ते सगळं त्या ॲपला अक्षरन् अक्षर मिळतं, व्हॉट्सॲप, एसएमएस, बँक, दवाखान्याची अपॉइंटमेंट, पतसंस्थेच्या हप्त्याची आठवण, सगळं. त्यातलं काय बोलायचं आणि काय नाही हे नंतर ते ॲप ठरवतं. म्हणजे बोललं नाही तरी वाचलेलं असतंच, आणि त्या ॲपला इंटरनेट असेल तर वाचलेलं ते कुठं पाठवतं हे तुम्हाला मला दिसत नाही.

आता इथं बरीच माणसं मला म्हणतात की आम्ही लॉक स्क्रीनवर मेसेज लपवलाय की, `Sensitive notifications` बंद केलंय, मग कसं वाचतंय? अहो ते लपवणं डोळ्यांसाठी आहे. स्क्रीनवर मजकूर दाखवायचा नाही एवढंच ते सेटिंग बघतं, ज्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी दिलीय त्याच्या हातात पूर्ण मजकूर जातोच. दाराला पडदा लावलाय पण आतला माणूस ओरडून सांगतोय, तसला प्रकार. त्यामुळं फोन लॉक होता, उलटा ठेवला होता, तरी बोलला कसा, याचं उत्तर हे.

शिल्लक ऐकली गेली यानं लगेच काही पैसे जात नाहीत, त्याची फार काळजी करू नका, गिऱ्हाइकाला कळलं एवढंच. खरी भीती ओटीपीची. ओटीपी ही फोन ज्याच्या हातात आहे त्यालाच दिसावी म्हणून असते, सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. तुमचा फोन शेल्फवरनं ओरडून ओटीपी सांगायला लागला तर फोन हातात असायची गरजच राहिली नाही. तुमचा नंबर तर काउंटरच्या बोर्डावर लिहिलेला असणार, ऑर्डरसाठी. समोर उभ्या असलेल्या माणसानं स्वतःच्या मोबाईलवर तुमचा नंबर टाकून कुठंतरी लॉगिन सुरू केलं, कोड पाठवा दाबलं, की तुमचा फोन बोलणार, 'तुमचा कोड चार सात दोन...' तुम्ही पोळी लाटताय, तुम्हाला वाटणार आला असंल कुठलातरी मेसेज. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करायलाही असाच सहा आकडी कोड येतो. हे मी भीती घालायला सांगत नाही, हे करून बघायला अर्धा मिनिट लागतं आणि फोनला हात लावायला लागत नाही, म्हणून सांगतो. व्हॉट्सॲपमध्ये `Two-step verification` लावून ठेवा, म्हणजे नुसत्या कोडवर काम होत नाही, पिनपण लागतो.

अँड्रॉइड १५ पासून गूगलनं यात सुधारणा केलीय, अशा बाहेरच्या ॲपला ओटीपीवाल्या नोटिफिकेशनचा मजकूर झाकून देतात. पण तुम्ही म्हणताय साधा फोन, तर आधी `About phone` मध्ये जाऊन `Android version` बघा, १५ च्या खाली असेल तर हा आधार नाही. आणि १५ असला तरी ते ओटीपीपुरतंच, 'खात्यात इतके जमा, शिल्लक इतकी' हा मेसेज ओटीपी नाही, तो तसाच जाणार आणि तसाच वाचला जाणार. तुमची अडचण त्याचीच होती ना.

तर ॲप काढायचं. पण नुसतं दाबून धरून डिलीट करू नका, आधी परवानग्या बघून घ्या, त्या निमित्तानं अजून कोणी घुसलंय का ते कळतं. `Settings` मध्ये `Notifications`, त्यात `Device & app notifications`. जुन्या फोनमध्ये हेच `Special app access` खाली `Notification access` नावानं असतं. सापडलं नाही तर सेटिंगच्या सर्चमध्ये नाव टाका, प्रत्येक कंपनीनं जागा हलवलेली असते. तिथं जी यादी दिसेल त्यात स्मार्ट वॉचचं ॲप, गाडीचं, असली ओळखीची नावं ठीक आहेत. मुलाला समोर बसवा आणि एकेका नावाला विचारा, हे कशाला. उत्तर आलं नाही की बंद. मग `Accessibility` मध्ये जाऊन `Downloaded apps` का काय असतं ते बघा, तिथं ते बोलणारं ॲप चालू असेल तर ते आणखी वाईट, कारण तिथली परवानगी म्हणजे स्क्रीनवर काय दिसतंय तेच बघायची परवानगी. तिथलं बंद, मग नोटिफिकेशनचं बंद, आणि मग अनइन्स्टॉल.

आता नाव सांगायचं. तुमच्या फोनमध्ये कॉलसाठी गूगलचं `Phone` ॲप असेल असं धरतो, हल्ली बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये तेच येतं. ते उघडा, वर कोपऱ्यात तीन टिंबं किंवा तीन रेघा, `Settings`, खाली सरकत जा, `Caller ID announcement`, त्यात `Announce caller ID`. तीन पर्याय दिसतील, `Always`, `Only when using a headset`, `Never`. कोणता घ्यायचा ते जरा पुढं सांगतो, कारण तिथंच माझी एकदा फजिती झालीय. सॅमसंगचा फोन असेल तर त्यांच्या फोन ॲपच्या सेटिंगमध्ये `Answering and ending calls`, त्यात `Read caller names aloud`. घरात कोणाचा आयफोन असेल तर त्यात `Announce Calls` म्हणून असतं, तिथं हेडफोन आणि गाडी, नुसतं हेडफोन, कायम, कधीच नाही असे चार पर्याय असतात, अर्थ तोच.

आवाज कोणत्या भाषेत बोलणार हे मात्र फोन ॲपमध्ये नसतं. ते `Text-to-speech output` मध्ये, सेटिंगच्या सर्चमध्ये टाकलं की येतं. गूगलचं इंजिन असेल तर भाषेत मराठी निवडा, मराठी आवाज डाउनलोड करायला सांगेल, वायफायवर करून घ्या. तिथंच `Speech rate` असतो, तो मधल्यापेक्षा थोडा कमी करा, मिक्सर चालू असताना भरभर बोललेलं नाव कळत नाही. आणि `Play` दाबून ऐका.

आणि मग नावं. हे काम कंटाळवाणं आहे पण इथंच अर्धी गंमत बिघडते. आपण कॉन्टॅक्ट इंग्रजी अक्षरात टाकतो, 'Mangal kaku dabba', आणि ते मशीन त्याचं काय करेल सांगता येत नाही. उलट इंग्रजी आवाज ठेवून नाव देवनागरीत असलं तरी नीट म्हणता येत नाही त्याला. मराठी आवाज लावणार असाल तर जे वीस-पंचवीस जण सकाळी फोन करतात त्यांची नावं देवनागरीत करून घ्या, बाकीची राहू दे. नाव छोटं ठेवा आणि पहिला शब्द कामाचा ठेवा, कारण रिंग आणि बोलणं एकमेकांत मिसळतं, शेवटचं बहुतेक ऐकूच येत नाही. 'डबा मंगलकाकू', 'भाजीवाले मंडई', 'गॅस'. आणि कणकेतले हात धुवायचे का नाही एवढंच तर तुम्हाला त्या क्षणी ठरवायचंय, त्याला पहिला शब्द पुरतो.

दुसरं नावांचं असं की नाव आता फक्त तुम्ही वाचणार नाही, दुकान ऐकणार. माझ्याकडं एक गृहस्थ यायचे, किराणावाले, त्यांना मी हौसेनं हे चालू करून दिलं. चौथ्या दिवशी आले, तोंड पडलेलं. एक जुनं गिऱ्हाईक काउंटरला आलं, तुमचा नंबर बदललाय का म्हणालं, नाही म्हटल्यावर त्यानं तिथंच उभं राहून मिस्ड कॉल दिला. फोन ड्रॉवरमधनं स्पष्ट मराठीत बोलला, 'उधारी बुडवतो नंबर दोन'. नंबर एक कोण होता ते त्यांनी मला सांगितलं नाही. हसू आलं मला, पण चूक माझी, चालू करून देताना विचारायला पाहिजे होतं की हो, नावं कशी सेव्ह केलीत. तर तुम्ही एकदा यादीवरनं नजर फिरवा. पतसंस्था, वसुली, वकील, डॉक्टर, लेकीच्या स्थळाची माणसं, अशी जी नावं गिऱ्हाइकासमोर ऐकायला नको वाटतील ती साधी करून ठेवा. 'रिकव्हरी साहेब' चं 'साहेब २' केलं तरी तुम्हाला कळतंय. डॉक्टरच्या नावापुढं कशाचे डॉक्टर ते लिहिलेलं असेल तर ते काढा.

तुमच्या फोनमध्ये कॉन्टॅक्टला नसलेला नंबर आला तर तो आकडे सांगेल किंवा अनोळखी नंबर म्हणेल, ते ठीक. पण कॉलर आयडीवालं दुसरं कुठलं ॲप असेल, ट्रूकॉलरसारखं, आणि त्यालाही नाव बोलायला लावलेलं असेल, तर त्यातलं नाव तुम्ही ठेवलेलं नसतं, लोकांनी आपापल्या फोनमध्ये कसं ठेवलंय त्यावरनं आलेलं असतं, त्यामुळं ते काय बोलेल त्याचा नेम नाही. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, दोघं एकमेकांच्या वरनं बोलतात आणि काहीच कळत नाही.

आता ती फजिती. गोडोलीकडं एक सलूनवाला आहे, पोरगा चांगला, हातात वस्तरा असताना फोन वाजला की वैतागायचा. मागं बाकावर चार जण बसलेले असतात, म्हणून मी विचार करून `Only when using a headset` लावलं, त्याला एका कानातला ब्लूटूथ दिला, म्हटलं आता फक्त तुझ्या कानात बोलेल. लावून गेला. दोन दिवसांनी फोन, 'दादा, सगळ्या रस्त्याला ऐकू येतंय.' गेलो बघायला. झालं होतं असं की सलूनमध्ये गाण्यांसाठी मोठा ब्लूटूथ स्पीकर, तोपण ह्याच फोनला जोडलेला. त्या दिवशी कानातला घरी विसरला होता. स्पीकरला माईक असतो, त्याच्यावर कॉल घेता येतो, त्यामुळं फोनच्या लेखी तो पण हेडसेटच. म्हणजे हेडसेट असेल तरच बोल म्हटलं होतं, आणि फोननं ते प्रामाणिकपणे पाळलं, पण त्या भोंग्यातनं. गाणं थांबायचं, नाव घुमायचं, परत गाणं चालू.

मी ब्लूटूथच्या यादीत त्या स्पीकरच्या नावापुढच्या चाकावर दाबलं, तिथं `Phone calls` आणि `Media audio` अशी दोन बटणं असतात, पहिलं बंद केलं, म्हणजे स्पीकरला फक्त गाणी. माझ्या फोनवरनं त्याला कॉल लावला, रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, स्पीकर गप्प. त्याच्या फोनवर तेवढ्यानं झालं. पण मी याच्यावर भरवसा ठेवू नका म्हणतो, कारण फोनमधलं हे बोलणं बऱ्याचदा गाण्याच्याच वाटेनं जातं, ॲप बदललं किंवा अपडेट आलं की परत स्पीकरमधनं येऊ शकतं. म्हणून शेवटी त्याच्याकडं ड्रॉवरमध्ये पडलेला जुना, काच फुटलेला फोन होता तो काढला, सिम नाही, वायफायवर गाणी, स्पीकर त्याला जोडला आणि नव्या फोनमधनं स्पीकर `Forget` करून टाकला. आता गाणं वेगळं, कामाचा फोन वेगळा. तुमच्याकडं सकाळी भक्तिगीतं लागत असतील स्पीकरवर, तर हेच करा.

गाण्याच्या वाटेनं जातं यातनं आणखी एक घोळ होतो. फोन सायलेंटला टाकला म्हणजे रिंगचा आवाज गेला, गाण्याचा आवाज तसाच असतो. त्यामुळं बाहेरची बोलणारी ॲपं सायलेंटवर असतानाही बोलतात, जोवर त्यांच्या आत वेगळं सेटिंग नसतं तोवर. लग्नात, दवाखान्यात, मयतीत असं झालेलं मी ऐकलंय, आणि माणूस शपथेवर सांगतो की मी सायलेंट केला होता. तुमच्या फोनचं स्वतःचं नाव सांगणं सायलेंटला काय करतं ते एकदा करून बघा, त्याला दोन मिनिटं लागतात. मुलाच्या फोनवरनं कॉल लावायचा, पहिला साधा, दुसरा फोन लॉक करून, तिसरा सायलेंटला, चौथा कानातला ब्लूटूथ लावून, पाचवा तो ब्लूटूथ चालू ठेवून डबीत टाकून. शेवटचा महत्त्वाचा आहे, काही कानातले डबीत नीट बसले नाहीत तर जोडलेलेच राहतात, फोनला वाटतं हेडसेट आहे, नाव डबीत बोलतो आणि तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, मग म्हणायचं सेटिंग खराब झालं.

तर तुमच्यासाठी `Always` का हेडसेटवालं? मी असं विचारतो. पोळ्या लाटायची जागा आणि काउंटर यात भिंत आहे का? आत तुम्ही आणि दोन मदतीच्या बायका, बाहेर गिऱ्हाईक, मधे दार, असं असेल आणि नावं वर सांगितल्यासारखी साफ केली असतील तर `Always` ठेवा, फोन आतल्या शेल्फवर ठेवा, आवाज एवढाच की आत मिक्सरवर ऐकू येईल. नुसती नावं आहेत, डबा मंगलकाकू ऐकलं कोणी तरी काय बिघडतंय. पण एकाच खोलीत काउंटर, कणीक, तवा सगळं असेल तर हेडसेटवालं लावा आणि एका कानातला घ्या, दोन्ही कानांत घालू नका, गॅसचा आवाज, कुकरची शिट्टी, मागनं कोणी गरम भांडं घेऊन आलं तर ऐकू आलं पाहिजे. गळ्यातला नेकबँड असला तर त्याचं बटण मनगटाच्या मागच्या बाजूनं दाबता येतं, कणीक लागत नाही, हे मला एका हॉटेलवाल्या मावशींनीच दाखवलं. ती कळ एकदा दाबली की फोन उचलला जातो आणि मग कानातच बोलता येतं.

आपोआप फोन उचलायचं सेटिंगही असतं काही फोनमध्ये, हेडसेट लावला की दोन-चार सेकंदात स्वतःच उचलतो. ते नको. आत तुम्ही बायकांशी काय बोलत असाल ते पलीकडच्या माणसाला ऐकू जाणार आणि तुम्हाला पत्ताही नाही. नाव ऐकायचं, ठरवायचं, नंतर फोन करायचा, एवढं पुरेसं आहे.

राहिलं व्हॉट्सॲप. तुम्ही लिहिलं नाही पण मला वाटतं ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, 'उद्या दहा पोळ्या जास्त' वगैरे, म्हणून मुलानं मेसेज वाचणारं ॲप टाकलं असणार. त्याला वाचायची गरज नाही, वेगळी टोन लावा. ज्यांचे डबे आहेत त्यांच्या चॅटमध्ये वर नावावर दाबलं की नोटिफिकेशनची टोन वेगळी करता येते, ऑर्डरचा ग्रुप असेल तर ग्रुपलाही. घंटेसारखी टोन लावा, ती वाजली की ऑर्डर, बाकीच्यांची वेगळी. ऑर्डर आलीय हे कळलं, काय आलंय ते हात धुतल्यावर बघा, आणि गिऱ्हाइकाला फक्त टिंग ऐकू आलं. एक लक्षात ठेवा, वर जे फोन ॲपचं नाव सांगायचं सेटिंग सांगितलं ते साध्या कॉलचं आहे, व्हॉट्सॲप कॉल आला तर ते नाव सांगेल असं धरून चालू नका. डबेवाल्यांना सांगून ठेवा, सकाळी साधा फोन करा म्हणून.

आणि समजा इतकं सांगून तुम्हाला मेसेज वाचूनच पाहिजे, काहींना खरंच पाहिजे असतो, गाडी चालवणाऱ्यांना वगैरे, किंवा डोळ्यांना कमी दिसतंय अशांना, तर फोनच्या किंवा कानातल्याच्या कंपनीचं स्वतःचं वापरा, सॅमसंगच्या कानातल्यांना `Read notifications aloud` असतं, आयफोनला `Announce Notifications`. त्यात ॲपची यादी येते. सगळं बंद करून फक्त व्हॉट्सॲप चालू करा. मेसेजेस म्हणजे एसएमएस, ईमेल, बँकेचं, युपीआयचं ॲप, ह्यातलं एकही चालू नको. आणि व्हॉट्सॲपमधल्या ज्या चॅट घरातल्या आहेत, नवऱ्याची, लेकीची, डॉक्टरांची, त्यांना `Chat lock` करा. लॉक केलेल्या चॅटचं नाव आणि मजकूर नोटिफिकेशनमध्ये येत नाही, नुसतं नवीन मेसेज असं येतं, म्हणजे वाचणाऱ्यालाही तेवढंच मिळतं. लॉक स्क्रीनवर लपवण्यात आणि ह्यात फरक हा की इथं मजकूर नोटिफिकेशनमध्ये जातच नाही, मुळातच पाणी बंद, नळ बंद नव्हे.

सध्या त्या ॲपनं महिनाभरात ओटीपी वाचली असेल अशी शंका असेल तर बँकेचं पासबुक भरून घ्या, आणि व्हॉट्सॲपमध्ये `Linked devices` उघडून बघा, तिथं तुमचा नसलेला कॉम्प्युटर किंवा फोन दिसला तर तिथनंच लॉग आउट करा. पैसे गेलेले दिसले तर वाट न बघता १९३० ला फोन, मग बँक. काही दिसलं नाही तर विषय संपला.

मुलाला रागावू नका, त्यानं आईचं काम सोपं करायलाच टाकलं होतं. फोन घेऊन रविवारी दुपारी या त्याच्यासोबत दुकानात, तुमचा मराठी आवाज लावून देतो, नावं मात्र घरनंच देवनागरीत करून आणा, वीस नावं टाइप करायला मला वेळ मिळत नाही.